शिवाजी महाराज दिसायला कसे होते? समकालीन वर्णनं आणि चित्रं वाचायची कशी

फेब्रुवारी लागला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत शाळाशाळांत शिवजयंतीची तयारी सुरू होते. भित्तिपत्रकं होतात, भाषणं पाठ होतात, आणि कुणीतरी पोर हमखास विचारतं, "महाराजांची उंची किती होती हो?" उत्तर द्यायला मोबाइलवर हवे तेवढे आकडे सापडतात. त्यातला कुठला आकडा कुठून आला हे मात्र कुणी सांगत नाही. हा लेख अशा शिक्षकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि गडवाटेवर लोकांना माहिती सांगणाऱ्यांसाठी आहे. महाराजांचं रूप आणि तब्येत यांबद्दल त्यांच्याच काळातल्या लोकांनी काय लिहून, रंगवून ठेवलं, आणि त्यातलं ठामपणे सांगता येईल असं किती, हे आपण क्रमाने बघू.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराजांचं दहन रायगडावर झालं. त्यामुळे परदेशात एखाद्या राजाची कबर उघडून हाडांवरून उंची काढतात, आजार ओळखतात, तो मार्ग आपल्याला नाही. आपल्या हाती आहेत ती माणसांनी लिहिलेली पत्रं, नोंदी, बखरी आणि चित्रं. म्हणजे सगळी साक्ष माणसांची, आणि साक्षीदार पारखल्याशिवाय साक्ष घ्यायची नाही.

वहीचं एक पान, एक साक्षीदार

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक वर्णनाला एक स्वतंत्र पान द्या आणि वर पाच गोष्टी लिहा: लिहिणारा कोण, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, पाहिलं तर केव्हा आणि कुठे, लिहिलं कधी, आणि कुणाला काय कळवायचं म्हणून लिहिलं. वर्णन त्याखाली उतरवा. हा क्रम उलटा करू नका. आधी वर्णन वाचलं की ते मनात बसतं आणि मग साक्षीदाराकडे आपण सोयीने बघू लागतो.

पहिलं पान एस्कॅलियटचं करू. जानेवारी 1664 मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा हा इंग्रज पाद्री तिथल्या वखारीत होता. लूट संपल्यावर त्याच महिन्यात त्याने इंग्लंडला सर थॉमस ब्राउन यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात महाराजांच्या रूपाबद्दल मोजक्या ओळी आहेत: बुटकेच, माझ्याहून काहीसे ठेंगणे, शरीर ताठ आणि बांधा प्रमाणबद्ध, अंगात चपळाई, बोलताना हसल्यासारखे दिसतात, नजर तीक्ष्ण आणि वेगवान, आणि आपल्या इतर माणसांपेक्षा वर्णाने उजळ.

इतकं नेमकं वर्णन मिळाल्यावर कुणालाही आनंद होईल. पण वहीतल्या दुसऱ्या रकान्याकडे जा. एस्कॅलियट स्वतःच सांगतो की हे त्याने ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. त्याने स्वतः महाराजांना पाहिलेलं नाही. मग हे पान फाडून टाकायचं का? तसं मुळीच नाही. अँथनी स्मिथ नावाचा वखारीतलाच एक इंग्रज त्या दिवसांत मराठ्यांच्या हाती सापडला होता. त्याला महाराजांपुढे नेलं होतं आणि पुढे सोडूनही दिलं. म्हणजे ज्याने समोरासमोर पाहिलं असा माणूस एस्कॅलियटच्या रोजच्या उठण्याबसण्यातला होता, आणि पत्र घटनेनंतर काही आठवड्यांतच लिहिलेलं आहे. ऐकीव असली तरी ही साक्ष ताजी आहे आणि मधे फार तोंडं नाहीत. वहीत तसंच लिहा: 'ऐकीव, पण एकाच पायरीचं.'

उंचीबद्दल तो देतो ती तुलना स्वतःशी आहे. एस्कॅलियट किती उंच होता हे पत्रात नाही. त्यामुळे 'माझ्याहून काहीसे ठेंगणे' या शब्दांचं फूट-इंचात रूपांतर होऊ शकत नाही. जो कोणी तुम्हाला महाराजांची उंची इंचापर्यंत सांगेल त्याला विचारा, मूळ कागदात एकक कुठलं होतं. त्या एका प्रश्नाने बरेच आकडे गळून पडतात.

साक्षीदाराची परीक्षा: जे तपासता येतं ते आधी तपासा

दुसरं पान परकालदासाचं. 1666 मध्ये महाराज संभाजीराजांसह आग्र्याला गेले, तेव्हा त्यांची देखरेख मिर्झाराजे जयसिंहांचे पुत्र रामसिंह यांच्याकडे होती. परकालदास रामसिंहाच्या पदरचा माणूस. आग्र्यात काय चाललंय हे तो आंबेरला दिवाण कल्याणदासाला राजस्थानी बोलीतल्या पत्रांतून कळवत असे. आपल्या दृष्टीने हा साक्षीदार फार मोलाचा आहे. त्याने महाराजांना जवळून पाहिलं, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा पाहण्याची सोय त्याला होती, आणि तो आपल्याच राज्यातल्या माणसाला पत्र लिहीत होता. दरबारात वाचून दाखवायची स्तुती त्याला रचायची नव्हती.

तो लिहितो की देहयष्टी बघाल तर लहानखुरी, किरकोळ; वर्ण मात्र विलक्षण गोरा; आणि कोण आहे हे न विचारताच कळावं की हा राजा आहे. दाढी राखलेली आहे, हेही तो सांगतो. पुढे संभाजीराजांबद्दल: मुलगा नऊ वर्षांचा, अतिशय देखणा आणि गोरा.

इथे थांबा, कारण परीक्षेची संधी इथेच आहे. संभाजीराजांचा जन्म 14 मे 1657 चा. मे 1666 मध्ये ते बरोबर नऊ वर्षांचे होतात. महाराजांचा बांधा आपण आज तपासू शकत नाही, पण मुलाचं वय तपासू शकतो, आणि तिथे परकालदास अचूक ठरतो. ज्याचं तपासता येण्यासारखं विधान खरं निघतं, त्याच्या न तपासता येणाऱ्या विधानावर थोडा जास्त भरवसा ठेवायचा. हा नियम सगळ्याच पानांना लावा.

त्याच पत्रातलं 'बघताच राजा वाटतो' हे मात्र वेगळ्या रकान्यात टाका. ते रूपाचं वर्णन नाही, पाहणाऱ्याच्या मनावर उमटलेला ठसा आहे. तो खरा असेल, महत्त्वाचाही आहे. पण आपल्याला चेहरा हवा आहे, आणि चेहऱ्यात 'राजेपण' कुठे होतं हे परकालदास सांगत नाही.

तिसरं पान थेव्हनो या फ्रेंच प्रवाशाचं. तो सुरतेत उतरला जानेवारी 1666 मध्ये, म्हणजे लुटीनंतर दोन वर्षांनी. महाराजांना त्याने पाहिलेलं नाही; सुरतेत जे बोललं जात होतं ते त्याने टिपलं. तोही म्हणतो की राजा लहानसर आहे आणि डोळे चपळ, बुद्धीची चमक दाखवणारे आहेत. बहुधा दिवसातून एकदाच जेवतो आणि प्रकृती उत्तम आहे, असंही सांगतो. पण वर्ण? तो सावळटच्या जवळचा सांगतो. वय सांगतो सुरतेच्या वेळी पस्तीस. 19 फेब्रुवारी 1630 ही जन्मतारीख धरली तर ते वय तेव्हा 34 पूर्ण व्हायचं होतं. म्हणजे थेव्हनोचा आकडा अगदी चुकीचा नाही, पण परकालदासाइतका काटेकोरही नाही. त्याच्या पानावर 'बाजारातली बातमी, सर्वसाधारण खरी' असा शेरा पुरे.

चौथं नाव कॉस्मे द गार्दा या पोर्तुगीज चरित्रकाराचं घेतलं जातं. त्याने 1695 मध्ये लिहिलं आणि ते लिस्बनला 1730 मध्ये छापलं. काळ्याभोर, तेजस्वी डोळ्यांचं वर्णन त्याच्याकडे आहे आणि ते उद्धृत करायला फार छान वाटतं. पण महाराजांच्या जन्माबद्दल त्याने जे लिहिलंय ते साफ चुकीचं आहे. वरची परीक्षा त्याला लावली तर तो नापास होतो. त्याचे डोळे फक्त इतरांच्या साक्षीला दुजोरा म्हणून घ्या, एकट्याने उभे करू नका.

पानं शेजारी ठेवून काय उरतं

आता मुद्द्यामुद्द्याने मेळ घाला. बांधा लहानखुरा, अंग किरकोळ पण चपळ: हे सुरतेतल्या इंग्रज गोटात, आग्र्यातल्या राजपूत गोटात आणि फ्रेंच प्रवाशाच्या कानावर आलेल्या बोलण्यात, तिन्हीकडे आहे. एस्कॅलियटचं पत्र इंग्लंडला गेलं, परकालदासाचं आंबेरला. एकाने दुसऱ्याचं वाचलं असण्याची शक्यताच नाही. असा मेळ बसला की ठामपणे लिहायला हरकत नाही. डोळ्यांतली चमक आणि चपळ नजर एस्कॅलियट आणि थेव्हनो दोघांत आहे. दोघांचं मूळ सुरतेतलंच असल्याने हा मेळ थोडा कमी वजनाचा, तरी चांगलाच.

वर्णाबाबत मतभेद दिसतो, आणि नवखे लोक इथेच अडकतात. एक गोरा म्हणतो, एक सावळट. दोघांपैकी खोटं कोण? बहुधा कुणीच नाही. एस्कॅलियट महाराजांची तुलना त्यांच्या बरोबरच्या माणसांशी करतो, उन्हातान्हात घोडदौड करून रापलेल्या शिपायांशी. परकालदास राजपुतान्यातल्या नजरेने बघतो. थेव्हनोला माहिती देणारे आणि तो स्वतः फ्रेंच मापाने बोलतात. वर्ण हा नेहमी कुणाच्या तरी शेजारी ठेवून सांगितलेला असतो. म्हणून भित्तिपत्रकावर 'गोरेपान' लिहिण्यापेक्षा 'बरोबरच्या लोकांत उठून दिसेल इतका उजळ वर्ण' असं लिहा. ते खरं आहे आणि कुठल्याच कागदाशी भांडत नाही.

साक्षीदार कुठे गप्प राहतात याचीही नोंद करा. हेन्री ऑक्झिंडन हा मुंबईच्या इंग्रजांचा वकील राज्याभिषेकाला रायगडावर होता. 6 जून 1674 च्या दरबारात त्याने सिंहासनाच्या बाजूंना सोनेरी भाल्यांवर लावलेली चिन्हं पाहून लिहून ठेवली: एका बाजूला मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखं, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि उंच भाल्यावर न्यायाचा तराजू. इतकं टिपणारा माणूस राजाचा चेहरा मात्र वर्णन करत बसत नाही. वकील आला होता तह करायला, व्यापाराच्या सवलती मिळवायला. त्याच्या वरिष्ठांना दरबाराचं वैभव आणि बळ कळायला हवं होतं. म्हणून अगदी जवळचा साक्षीदार असूनही चेहऱ्यासाठी त्याचं पान कोरं राहतं. आणि तरीही त्याच माणसाने आपल्याला एक अनपेक्षित गोष्ट दिली आहे. ती पुढे येईल.

चित्रं: किती चित्रं आहेत हे मोजू नका, किती साक्षी आहेत ते मोजा

महाराजांची त्यांच्या काळातली किंवा अगदी लगेच नंतरची म्हणावीत अशी चित्रं आज बहुतेक परदेशात आहेत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये विट्सेन या डच गृहस्थाच्या संग्रहातला हिंदुस्थानी राजे-सरदारांचा चित्रसंच आहे, त्यात महाराज आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मनुची या इटालियन प्रवाशाने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून करवून घेतलेला संच आहे, त्यात महाराज घोड्यावर आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही चित्र आहे. व्हॅलेंटाइनच्या 1724 ते 1726 दरम्यान निघालेल्या डच ग्रंथात छापील कोरीव चित्र आहे. यांतली बरीच दख्खनी, विशेषतः गोवळकोंड्याच्या वळणाची आहेत, 1680 च्या दशकातली.

चेहरा बहुतेक वेळा एका बाजूने दाखवलेला. नाक धारदार, पुढे किंचित वळलेलं. टोकदार दाढी, मिशा, कानाजवळ कल्ले. डोक्याला मंदिल आणि तुरा. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ही चित्रं मोठ्या आकारात बघायला मिळतात. पाहिल्यावर पहिली प्रतिक्रिया अशी होते की अरे, सगळीकडे एकच चेहरा आहे, म्हणजे हाच खरा! इथेच सावध व्हायचं.

त्या काळच्या चित्रशाळेत चेहऱ्याचा चरबा जपून ठेवत. हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर बाह्यरेषा काढायची, रेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची, चरबा नव्या कागदावर ठेवून वरून कोळशाची पूड पुरचुंडीने थापायची. खाली ठिपक्यांची रेषा उमटते. त्या रेषेवर नवं चित्र. युरोपियन व्यापारी 'हिंदुस्थानचे सगळे राजे' असे संच मागत, म्हणून एकाच चरब्यावरून कितीतरी चित्रं निघत. चरबा उलटा ठेवला की चेहरा दुसऱ्या दिशेला बघू लागतो. तेव्हा दहा चित्रं जुळली तरी साक्षीदार एकच असू शकतो.

हे घरी तपासता येतं. दोन चित्रं उतरवून घ्या आणि कानाच्या पाळीपासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर दोन्हीत सारखं येईल अशा मापात छापा, समजा पाच सेंटिमीटर. एकावर ट्रेसिंग पेपर ठेवून कपाळ, नाक, ओठ, हनुवटी आणि दाढीचं टोक एवढीच रेषा टोकदार पेन्सिलीने काढा. कागद दुसऱ्यावर ठेवा. तोंड उलट दिशेला असेल तर कागद पालथा करा. रेषा पेन्सिलीच्या जाडीइतक्या फरकात बसली तर दोन्ही चित्रं एकाच मूळाची समजा आणि वहीत एकच साक्ष धरा. कपाळ जुळतं पण नाकाची कमान वेगळी, दाढीचा कोन वेगळा असं दिसलं तर वेगळ्या हाताची शक्यता आहे. पगडी, कपडे, हातातलं शस्त्र यांवर जाऊ नका. ते प्रत्येक नक्कल करणारा बदलतो.

दुसरी तपासणी याहून महत्त्वाची. त्याच संचातली इतर माणसं बघा. गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुतुबशाहाचा डोळा आणि महाराजांचा डोळा सारखाच लांबट, कानाकडे ओढलेला असेल, तर तो डोळा त्या माणसांचा नाही, चित्रकाराच्या सवयीचा आहे. संचात जे सगळ्यांत सारखं ते बाजूला काढा. जे एकट्या महाराजांच्याच चित्रात आहे, तेच त्यांचं असण्याचा संभव. या कसोटीत नाकाची ठेवण आणि दाढीचा आकार टिकतात, डोळ्यांचा आकार टिकत नाही.

चित्रकाराला पाहायला मिळालं होतं का? याचं उत्तर बरंच आशादायक आहे. 1677 मध्ये महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना गोवळकोंड्याला कुतुबशाहाच्या भेटीला गेले. भागानगरच्या, म्हणजे आजच्या हैदराबादच्या, रस्त्यांतून त्यांची स्वारी लोकांनी पाहिली. तिथल्या चित्रकारांना प्रत्यक्ष बघून रेखाटण्याची संधी होती. प्रत्यक्ष कुणी रेखाटलं याचा कागद नाही, म्हणून 'शक्य' एवढाच शेरा. पण दाढीचं बघा: परकालदास आग्र्यात 1666 मध्ये दाढी लिहितो, आणि दहा-वीस वर्षांनी शेकडो कोसांवर रंगवलेल्या चित्रांत दाढी आहे. शब्द आणि रंग असे वेगवेगळ्या वाटेने येऊन एका ठिकाणी मिळाले की ती गोष्ट पक्की. नाकाला मात्र लेखी दुजोरा नाही, ते चित्रांच्याच भरवशावर आहे. मी ते 'बहुधा' या शब्दानेच लिहितो.

चित्राखालचं नाव शेवटी तपासा. नाव कुठल्या लिपीत आहे, चित्रकाराच्या हातचं की नंतर संग्राहकाने घातलेलं? हा प्रश्न पोकळ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे दुसऱ्याच एका सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1930 च्या दशकात समकालीन डच साधनांतलं चित्र पुढे आणलं तेव्हा ते मागे पडलं.

सिंधुदुर्गावरची मूर्ती आणि चुन्यातले ठसे

मालवणच्या धक्क्यावरून होडीने किल्ल्यात गेलात तर श्रीशिवराजेश्वराचं देऊळ आहेच. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1695 च्या सुमारास ते झालं असं मानतात. म्हणजे चित्रांइतकंच जुनं, आणि शिवाय मुलाच्या राज्यातलं. मूर्ती वीरासनात बसलेली आहे आणि तिला दाढी नाही. पर्यटक इथे विचारतात, "मग दाढी होती की नव्हती?"

ही मूर्ती पूजेची आहे. तिचं काम दर्शन देण्याचं. चेहऱ्याची नोंद ठेवण्याचं काम तिच्यावर कुणी सोपवलंच नव्हतं. राजाराम महाराज वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे होते, आणि 1695 मध्ये ते इथून शेकडो कोसांवर जिंजीला वेढ्यात होते. पाथरवटापुढे महाराजांचं चित्र होतं असं सांगणारी नोंद नाही. देवमूर्ती घडवायची रीत त्याला ठाऊक होती आणि देवमूर्तीला सहसा दाढी नसते. म्हणून दाढीच्या प्रश्नात मूर्तीला साक्षीला बोलावू नका. कोकणातल्या लोकांनी महाराजांना इतक्या लवकर देवळात बसवलं, या गोष्टीची मात्र ती पहिल्या प्रतीची साक्ष आहे, आणि भित्तिपत्रकावर तिला त्यासाठी जागा द्या.

त्याच किल्ल्यात घुमटीखाली चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, महाराजांचे म्हणून पुजले जातात. त्यांची लांबी मोजून उंची काढण्याचा मोह फार जणांना होतो. तंत्र म्हणून त्यात दोन अडचणी आहेत. चुना वाळताना आक्रसतो, आणि ओल्या चुन्यात दाबलेला हात बोटांपाशी पसरतो; एक चूक माप लहान करते, दुसरी मोठं. शिवाय तीनशे वर्षांत खारं वारं, हातांचे स्पर्श आणि डागडुजी यांनी कडा झिजल्या आहेत. त्यात हातावरून उंचीचा अंदाज मुळातच काही इंच इकडेतिकडे होतो. भक्तीने हात टेकवा, पट्टी लावू नका.

वजन: एकमेव आकडा, आणि त्याचं गणित

ऑक्झिंडनने दिलेली ती अनपेक्षित गोष्ट हीच. राज्याभिषेकाआधी मे 1674 च्या अखेरीस महाराजांची सुवर्णतुला झाली आणि ती सुमारे 16,000 पॅगोडांची भरली, असं त्याने नोंदवलं. महाराजांच्या शरीराबद्दल मोजून काढलेला म्हणावा असा आकडा हाच, म्हणून तो नीट सोडवू.

इंग्रज ज्याला पॅगोडा म्हणत तो आपला होन. पण होन एकाच वजनाचा नव्हता. दक्षिणेत चालणारा प्रचलित होन साधारण 3.4 ग्रॅमचा. त्याने गुणलं तर 16,000 होन म्हणजे सुमारे 54 किलो. महाराजांनी राज्याभिषेकाला पाडलेला शिवराई होन हलका, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. त्याने गुणलं तर 44 किलो. पारड्यात कुठले होन होते हे नोंदीत नाही. 44 किलो वजनाचा माणूस घोड्यावर तशा दौडी करील हे कठीण वाटतं, आणि व्यापारी इंग्रज चालू नाण्यातच हिशोब देणार, म्हणून 54 च्या बाजूला माझा कल आहे. त्यातही आकडा 'सुमारे' आणि पूर्ण हजारातला आहे, आणि अंगावर वस्त्रं-शस्त्रं होती का हे माहीत नसल्यामुळे नेमकं शरीराचं वजन त्याहून कमीही असू शकतं.

मग याचा उपयोग काय? उपयोग असा की धनाचा हिशोब ठेवणाऱ्याने वेगळ्याच कारणासाठी लिहिलेला आकडा परकालदासाच्या 'किरकोळ, लहानखुऱ्या' देहाशी जुळतो. ऑक्झिंडन काही महाराज बारीक होते हे सांगायला बसला नव्हता. म्हणूनच त्याचं न मागितलेलं बोलणं जास्त वजनदार. चव्वेचाळीस वर्षांच्या वयात, वीस-पंचवीस वर्षं मोहिमा केल्यावर, शरीर स्थूल झालेलं नव्हतं एवढं यावरून खात्रीने म्हणता येतं. कॅलेंडरवर दिसणारी भरदार छाती आणि सहा फुटी बांधा हे नंतरच्या चित्रकारांचं मन आहे.

तब्येत: आजाराच्या बातमीला आजार समजू नका

राजाची प्रकृती हा राजकारणाचा भाग असतो. आग्र्याहून निसटताना महाराजांनी आजाराचं निमित्त केलं हे सगळ्यांना माहीत आहे; पहारेकऱ्यांपैकी कुणी त्या दिवशी पत्र लिहिलं असतं तर 'शिवाजी आजारी' अशी समकालीन, प्रत्यक्षदर्शी आणि संपूर्ण खोटी नोंद आपल्याला मिळाली असती. उलट 1676 च्या सुरुवातीला महाराज साताऱ्याला खरोखर आजारी होते, तेव्हा ते गेले, त्यांना विष घातलं, अशा अफवा इंग्रजांच्या वखारींपर्यंत पोचल्या. महाराज त्यानंतर चार वर्षं जगले आणि कर्नाटकाची मोठी मोहीम केली. म्हणून प्रत्येक आजाराच्या नोंदीपुढे लिहा: पुढे हा माणूस काय करताना दिसतो?

याच रीतीने अखेरचा आजार बघू. मुंबईच्या इंग्रजांनी 28 एप्रिल 1680 च्या पत्रात कळवलं की शिवाजी राजा वारल्याला 23 दिवस झाले, आणि बारा दिवस आजारी राहून रक्तातिसाराने गेला असं म्हणतात. 28 तून 23 वजा केले की 5 एप्रिल येतो. महाराजांचा मृत्यू चैत्र पौर्णिमेचा, 3 एप्रिलचा. इंग्रज तेव्हा जुनी ज्युलियन पंचांगपद्धत वापरत आणि आपली 3 एप्रिल ही तारीखही त्याच पद्धतीची आहे, त्यामुळे सरळ तुलना चालते; पोर्तुगीज किंवा डच कागद असता तर दहा दिवस वजा करावे लागले असते. फरक दोन दिवसांचा. रायगडावरची बातमी बंद ठेवली गेली होती हे लक्षात घेता हा साक्षीदार चांगलाच पास होतो.

आता त्याचे 'बारा दिवस' तपासा. 3 एप्रिलमधून बारा दिवस मागे गेलं की 22 मार्च येतो. राजाराम महाराजांचं लग्न रायगडावर 15 मार्चला झालं. म्हणजे लग्नकार्य पार पडल्यावर आठवड्याभरात आजार सुरू झाला असा हिशोब लागतो. लग्न आणि आजार एकमेकांच्या आड येत नाहीत. आकडा टिकतो.

सभासदाची बखर 1697 मध्ये जिंजीला लिहिलेली. तो ज्वराची व्यथा झाल्याचं सांगतो. सतरा वर्षांनंतरची, पण दरबारच्या माणसाची साक्ष. ज्वर आणि रक्तातिसार यांत विरोध आहे का? नाही. जंतूंमुळे होणाऱ्या रक्ती हगवणीत बहुधा ताप येतो; एकाने एक लक्षण धरलं, दुसऱ्याने दुसरं. पण इथून पुढे पाऊल टाकू नका. ज्वर हा त्या काळी कितीतरी आजारांना लावायचा शब्द होता आणि इंग्रजांचीही माहिती ऐकीवच होती. टायफॉइड, हिवताप, काही विषं, यांतलं बरंच काही या दोन लक्षणांत बसू शकतं. विषप्रयोगाची कथा तर 1676 मध्येही उठली होती आणि तेव्हा माणूस जिवंत होता, यावरून अशी बातमी किती सहज उठत असे ते दिसतं. तिला दुजोरा देणारं त्या बारा दिवसांतलं एकही लक्षण कुणी नोंदवलेलं नाही, कारण रोग्याजवळ असलेल्या कुणाचाही लेख आपल्याकडे नाही.

म्हणून रायगडच्या तक्त्यासाठी मी पोरांना देतो ते वाक्य असं: 'मार्च 1680 च्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास महाराज आजारी पडले, ताप आणि रक्तातिसार अशी लक्षणं दोन वेगवेगळ्या बाजूंनी नोंदवली आहेत, सुमारे बारा दिवसांनी, 3 एप्रिलला त्यांचं निधन झालं.' रोगाचं नाव त्या तक्त्यावर लिहायचं नाही.